नौवारीतल्या फोटोवर पुरुषाचा चेहरा बसवताना: भुवया, मेकअप आणि दाढीची सावली

रात्रपोहे (इंदूर)

नमस्कार मंडळी. गणेशोत्सवात आमच्या कॉलनीत एकांकिका आहे. त्यात नायक अर्ध्यातून पुढे मावशी बनून भावी सासऱ्याच्या घरात शिरतो. पोस्टरवर तो मावशीच्याच रूपात हवा, पण बघणाऱ्याला "अरे, हा तर आपला तोच!" असं क्षणभरानं कळलं पाहिजे, अशी दिग्दर्शकाची फर्माईश.

नायक नोकरीसाठी पुण्यात, येणार थेट रंगीत तालमीला. म्हणून माझ्या वहिनीचा लग्नातला फोटो घेतलाय. नौवारी, खोपा, नथ, चंद्रकोर, सगळं जागच्या जागी. वहिनीनं तो स्वतः दिलाय आणि तिनं पाहिल्याशिवाय पोस्टर छापायला जाणार नाही असं ठरलंय. नायकानं सेल्फी पाठवलाय.

फोटोशॉपमध्ये चेहरा कापून बसवला, कडा मऊ केल्या. कडा दिसत नाहीत, तरी एकूण प्रकार भयानक आहे. भुवया झाडूसारख्या, हनुवटी राखाडी, आणि त्वचा ब्लर केली की मेणाचा पुतळा. कुठून सुरुवात करू?

टिचकी

Auto-Blend Layers वापर की भिया. वहिनीच्या फोटोत चेहऱ्याच्या जागी भोक पाड, नायकाच्या चेहऱ्यापेक्षा थोडं लहान. दोन्ही लेयर निवडून Edit मधून Auto-Blend, त्यात Panorama आणि Seamless Tones. रंग आपोआप जुळतो. पाच मिनिटांचं काम आहे, उगाच धागे काढताय.

उजेडवाला (इंदूर)

टिचकी, दोन पुरुषांचे किंवा दोन बायकांचे चेहरे असतील तर तुझी युक्ती बऱ्याचदा चालते. इथे निम्मीच चालेल. ती दोन चित्रांचा शिवणीपाशी मेळ घालते, पण चेहऱ्याच्या मधोमध काय आहे त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. राखाडी हनुवटी शिवणीच्या आत आहे, भुवयाही आत. उलट वहिनीच्या गालावर लग्नाचा लालसर ब्लश असेल तर तो शिवणीवरून नायकाच्या गालात झिरपेल आणि तो ताप आल्यासारखा दिसेल.

रात्रपोहे, आधी सेल्फी फेकून दे. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. वहिनीचा फोटो लग्नाच्या फोटोग्राफरनं दुरून, लांब लेन्सनं काढलेला असणार. हे दोन चेहरे कितीही ताणले तरी एकमेकांवर बसत नाहीत, कारण फरक मापाचा नाही, अंतराचा आहे. नायकाला सांग: गुळगुळीत दाढी कर, खिडकीपाशी उभा राहा, मित्राला दोन मीटर लांब उभं कर आणि मागच्या कॅमेऱ्याच्या 2x नं फोटो काढ. वहिनीच्या फोटोत उजेड ज्या बाजूनं आहे त्याच बाजूला खिडकी हवी, मानही तितकीच वळलेली. ब्यूटी मोड बंद. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. नाहीतर आकसून येतो आणि दाढीच्या बारीक खुंटांच्या जागी चौकोनी डाग दिसतात. ते पुढे साफ करणं म्हणजे शिक्षा.

स्नेहा_पलसीकर

मलापण हेच विचारायचं होतं! माझ्या पासपोर्टच्या फोटोत भुवया वाकड्या आल्यात, त्या सरळ करता येतील का?

उजेडवाला

ताई, पासपोर्टच्या फोटोत काहीच करू नका, नवीन काढा. इथे चाललंय ते पोस्टरचं.

रात्रपोहे

नवीन फोटो आला. फरक जमीन-अस्मानाचा आहे. डोळ्यांच्या बाहुल्या जुळवल्या तर ओठांच्या कडाही जवळपास जागेवर येताहेत. पण त्याचा जबडा तिच्या जबड्याबाहेर दोन्हीकडून येतो. आणि गुळगुळीत दाढी करूनही हनुवटी राखाडीच.

उजेडवाला

जबड्याचं आधी. मास्क किती मोठा ठेवायचा हाच खरा निर्णय आहे. भुवयांच्या जरा वरून सुरू करून गालांच्या मध्यापर्यंत आणि खालच्या ओठाखाली हनुवटीच्या खळगीपर्यंत, एवढाच भाग नायकाचा ठेव. कपाळ, केसांची कड, जबडा, मान वहिनीचे. बायकी बाह्यरेषा फुकट मिळते आणि दागिन्यांना हात लावावा लागत नाही. चेहरा मात्र थोडा कमी ओळखू येतो.

आता राखाडी रंग. Eyedropper ला 11 by 11 Average वर ठेव आणि दोघांच्या गालावर एकाच जागी, म्हणजे डोळ्याखाली जिथे ब्लश नाही तिथे, आकडे बघ. तसेच नायकाच्या हनुवटीचेही. इथे टाक.

रात्रपोहे

वहिनीचा गाल: लाल 208, हिरवा 160, निळा 134.
नायकाचा गाल: 168, 118, 94.
नायकाची हनुवटी: 128, 102, 92.

उजेडवाला

छान. नायकाच्या लेयरवर Curves लाव, फक्त त्याच लेयरला क्लिप करून. प्रत्येक रंगाच्या वक्रावर एकेक बिंदू: लाल 168 चा 208, हिरवा 118 चा 160, निळा 94 चा 134. त्याचा गाल तिच्या गालावर येईल. हनुवटीही उजळेल, पण राखाडीच राहील. तू दिलेल्या नायकाच्या आकड्यांतच लाल आणि निळा यांतला फरक बघ. गालावर 74, हनुवटीवर जेमतेम 36. जिथे लाल आणि निळा इतके जवळ येतात तिथे त्वचा राखाडी दिसते. अंधारामुळे हे झालेलं नाही, कातडीखालचे केस दिसताहेत. म्हणून नुसतं उजळवून हे जात नाही, उजळ राखाडी होतं. तू ब्लर केलंस तेव्हाही हेच झालं असणार: केसांचे ठिपके गेले, राखाडी उरला, आणि वर रोमछिद्रंही गेली.

त्यामुळे रंग आणि पोत वेगळे करून साफ करायचे. नायकाचा लेयर Curves सकट एक कर, मग त्याच्या दोन प्रती. खालच्या प्रतीला Gaussian Blur, इतकाच की रोमछिद्रं दिसेनाशी व्हावीत पण नाक-डोळे कळावेत. तुझ्या फोटोच्या मापात 6 ते 8 पिक्सेल पुरतील. वरची प्रत निवडून Apply Image, त्यात Layer म्हणून खालची ब्लर प्रत, आणि:

```
Blending: Subtract
Scale: 2
Offset: 128
```

मग वरच्या प्रतीचा ब्लेंड मोड Linear Light. हे 8 बिटच्या फाइलसाठी, 16 बिटला आकडे वेगळे असतात. बरोबर झालं असेल तर चित्र मूळसारखंच दिसेल. वेगळं दिसलं तर काहीतरी चुकलंय, पुढे जाऊ नकोस.

आता वरच्या लेयरवर फक्त पोत आहे. Clone Stamp, Sample मध्ये Current Layer, आणि गालाच्या वरच्या भागातला पोत ओठांच्या वर आणि हनुवटीवर आणून ठेव. खुंट गेले, छिद्रं राहिली. मग दोन्हींच्या वर एक रिकामा लेयर, मोड Color, गालाचा रंग उचलून 15 टक्के ओपॅसिटीच्या मऊ ब्रशनं हनुवटीवर हळूहळू भर. Color मोड रंग बदलतो, उजेड बदलत नाही, म्हणून खळगीतली सावली तशीच राहते. सगळं झाल्यावर खालच्या ब्लर लेयरवर थोडं उजळ कर. पण गालाइतकी उजळ हनुवटी करू नकोस, वहिनीच्या मूळ फोटोत तिची हनुवटी गालापेक्षा किती गडद आहे ते बघून तेवढीच.

गिम्पवाला

फोटोशॉप विकत घ्यायचं नसेल तर गिम्पमध्ये Filters, Enhance, Wavelet Decompose. तो एका फटक्यात पोताचे अनेक थर काढून देतो. खुंट बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या थरात सापडतात. बाकी पद्धत तीच.

जुना_रंगपट (ग्वाल्हेर)

आमच्या लष्कर भागात गणपतीतल्या नाटकांना मी वर्षानुवर्षं रंगभूषा केली आहे. दाढीचा निळसरपणा आम्ही फाउंडेशननं झाकत नसू. त्याच्याखाली आधी नारिंगी-लालसर रंगाचा पातळ हात द्यायचा, मगच कातडीचा रंग. उजेडवाले म्हणतात तेच, फक्त बोटांनी.

मला कळत नाही की पोरगा तालमीला येणारच आहे तर त्याला तासभर आरशासमोर बसवून खरा फोटो का काढत नाही? रंगमंचावर त्याला तसंही रंगवावं लागणारच आहे.

रात्रपोहे

काका, पोस्टर त्याच्या येण्याआधी आठवडाभर लागायला हवं. नाहीतर तुमचंच ऐकलं असतं.

हनुवटी जमली. दिग्दर्शक म्हणाला "आता मावशीला दाढी नाही," म्हणजे प्रगती आहे. आता भुवया. वहिनीच्या भुवया ठेवून पाहिल्या, एकदम सुंदर दिसतं, पण नायक ओळखू येत नाही. त्याच्या ठेवल्या तर ओळखू येतो पण साडी नेसलेला हवालदार वाटतो.

उजेडवाला

ओळखू येत नाही याचं नवल नाही. एमआयटीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध माणसांच्या फोटोंतून कधी डोळे पुसले, कधी भुवया. भुवया पुसलेले चेहरे ओळखायला लोकांना जास्त जड गेलं. तुला नायक ओळखू यायला हवा असेल तर भुवया त्याच्याच ठेवायला लागतील. फक्त त्या पार्लरमध्ये पाठव.

नथीचा_मोती (वडोदरा)

पार्लरचं विचारलंत म्हणून लिहिते, दांडिया बाजारात माझं छोटं पार्लर आहे. पुरुषाची भुवई डोळ्यावर टेकलेली असते, बाईची जरा वर उचललेली. म्हणून काढायचं ते खालून. वरच्या कडेला शक्यतो हात लावायचा नाही, कारण माणसाची ठेवण तिथेच असते. दोन भुवयांच्या मधले केस काढा, पण सुरुवात डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या बरोबर वर ठेवा. त्याच्या पुढे नेली तर चेहरा आश्चर्य वाटल्यासारखा होतो. कमान बाहुलीच्या बाहेरच्या कडेवर किंवा जरा पुढे. शेपूट नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे दोरी धरली तर ती जिथे जाईल तिथे संपवा. पुरुषांची शेपूट खाली ओघळते, तिथलेच केस सगळ्यात आधी काढावे लागतात.

आणि खूप बारीक करू नका. दाट भुवया असलेल्या मुलीही नवरी होतात, त्यांना कोणी हवालदार म्हणत नाही!

टिचकी

Liquify मध्ये चेहऱ्याचे स्लायडर आहेत, त्यातच भुवया वर करता येतील.

उजेडवाला

त्यात डोळे, नाक, ओठ, जबडा, कपाळ सगळं आहे, भुवया नाहीत. Forward Warp नं हातानं ढकलाव्या लागतात. पण टिचकीची दिशा बरोबर आहे: आधी Freeze Mask नं डोळा गोठव, मग मोठ्या ब्रशनं कमानीचा भाग दोन-चार पिक्सेल वर ने. त्याहून जास्त नको, कपाळाच्या रेषा वाकतात.

ताईंनी सांगितलं तसं खालून काढताना एक अडचण येते. Healing Brush उरलेल्या भुवईला चिकटून चालवला तर तो शेजारचा काळा रंग ओढून धुरकट पट्टा करतो, कारण तो कडेचा रंग आत मिसळतो. म्हणून कडेला Clone Stamp. आधी पोताच्या लेयरवर कपाळाचा पोत आणून केस पुसायचे. मग ब्लरच्या लेयरवर जो गडद पट्टा उरेल त्यावर त्याच डोळ्याच्या पापणीवरची त्वचा आण. तिथे कपाळाचा रंग आणू नकोस. कपाळ उजळ असतं, भुवईखालची जागा खोलगट, तिथे कपाळ चिकटवलं की डोळा सुजल्यासारखा दिसतो. शेवटी नवीन कडेवर एक-दोन पिक्सेलच्या ब्रशनं सातआठ सुटे केस काढ, उगवतात त्याच दिशेनं. सरळसोट कापलेली कड म्हणजे स्टिकर.

रात्रपोहे

एक भुवई झाली, जीव गेला. पण जादू आहे! दुसरी ती उलटी करून बसवू का?

नथीचा_मोती

नका. दोन भुवया बहिणी असतात, जुळ्या नसतात.

उजेडवाला

शिवाय उजेड एका बाजूनं आहे. उलटी केलेली भुवई चुकीच्या बाजूनं चमकेल. दुसरीही हातानंच कर.

भुवईखाली आता जी जागा मोकळी झाली तिथे आयशॅडो बसतो, म्हणून मेकअप भुवयांनंतर. वहिनीचा मूळ चेहरा सगळ्यात वर घे, मोड Color, काळा मास्क, आणि फक्त पापण्या आणि ओठ उघड. तिच्याच मेकअपचा रंग त्याच्या चेहऱ्यावर येतो, त्यामुळे मान-गालांशी आपोआप जुळतो. ओठांच्या कडेला मात्र लक्ष दे. त्याचा वरचा ओठ पातळ असेल, तिचा लाल रंग मिशीच्या जागेवर सांडेल. आधी Liquify मध्ये Upper Lip जरासा वाढव, मग मास्क त्याच्याच ओठाच्या कडेनं घाल.

Color मोडनं ओठ रंगतात, गडद होत नाहीत. ओठांवर आणि पापण्यांच्या मुळाशी वेगळा Multiply लेयर लागेल. काजळ तिथेच. ओठावरची चमक मास्कमधून मोकळी सोड, नाहीतर खडू लावल्यासारखे दिसतात.

त्वचा मऊ करण्याच्या मागे सगळे लागतात, पण बाईचा चेहरा वाटायला ओठ-डोळे आणि त्वचा यांच्यातला गडद-उजळ फरक जास्त कामाला येतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी 2009 मध्ये हे मोजून दाखवलं: हा फरक सरासरीनं बायकांच्या चेहऱ्यात जास्त असतो, आणि मेकअप तोच आणखी वाढवतो. त्यामुळे काजळ-लाली बसली की ब्लर निम्म्यावर आण. मग बघ.

स्नेहा_पलसीकर

+1. माझ्या मामेभावाचा स्नेहसंमेलनातला स्त्रीवेशातला फोटो आहे, त्यात त्वचा इतकी गुळगुळीत केली होती की तो बाई नाही, उकडलेला बटाटा दिसत होता. लिपस्टिक मात्र लावलीच नव्हती. आता कारण कळलं.

गिम्पवाला

एक राहिलं. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो आहेत, तर दाणाही वेगळा असणार. सगळं झाल्यावर 100 टक्के झूम करून मानेचा आणि गालाचा दाणा शेजारी बघ. गाल जास्त स्वच्छ असेल तर फक्त त्यावर Add Noise, Gaussian आणि Monochromatic, अर्धा-एक टक्का.

रात्रपोहे

झालं. ओठ-काजळ आल्यावर ब्लर खरंच कमी करता आला. नथीचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. नथ वहिनीच्या नाकावर होती, नायकाचं नाक रुंद, त्यामुळे ती हवेत तरंगतेय. चंद्रकोरही किंचित एका बाजूला.

उजेडवाला

नथ वेगळ्या लेयरवर कापून घे आणि त्याच्या नाकपुडीला लाव. खाली एक Multiply लेयर, त्वचेच्या रंगाचाच गडद तपकिरी, काळा नको. उजेडाच्या उलट बाजूला मोत्यांची बारीक सावली ओठाच्या वर पडली पाहिजे. ती सावली दिसली की नजर नाकाच्या रुंदीकडे जातच नाही, Nose Width कमी करायची गरजही पडणार नाही. चंद्रकोर दोन भुवयांच्या मधोमध बघून लाव, कपाळाच्या मधोमध नाही. कपाळ वहिनीचं आहे, भुवया त्याच्या.

रात्रपोहे

नथ बसली! वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "चेहरा त्याचा, पण हनुवटी माझी आहे, माझ्या माहेरचे लगेच ओळखतील." तिची हरकत नाही, उलट खूश आहे. दिग्दर्शक मात्र म्हणतोय की जबडासुद्धा नायकाचाच हवा, विनोद त्यातच आहे. काय करू?

जुना_रंगपट

दिग्दर्शकाचं ऐक. मावशी फार देखणी झाली तर लोक नाटक समजून न येता हळदीकुंकू समजून येतील.

नथीचा_मोती

माझं मत उलट. पोस्टरवर देखणीच हवी. आत आल्यावर फसले पाहिजेत.

उजेडवाला

मी तटस्थ, पण जबडा त्याचा घेतलास तर मान आणि ठुशी यांच्यावरची सावली पुन्हा काढावी लागेल, आणि हनुवटीच्या खालच्या कडेची दाढीही साफ करावी लागेल, ती आत्तापर्यंत मास्कच्या बाहेर होती. एक संध्याकाळ जाईल.

काहीही ठरव, पण फ्लेक्सला देण्याआधी फक्त चेहऱ्याचा हातभर तुकडा त्याच मशीनवर छापून घे. स्क्रीनवर जुळलेली त्वचा फ्लेक्सवर बऱ्याचदा लाल मारते. अशा वेळी सगळं चित्र एकत्र दुरुस्त कर, नुसता चेहरा नको, नाहीतर मान आणि गाल परत वेगळे पडतील.

रात्रपोहे

तुकडा उद्या राजवाड्यापाशी छापायला देतो. जबड्याच्या दोन्ही आवृत्त्या करून मंडळाच्या बैठकीत ठेवणार, भांडतील तिथेच.

काका, तालमीच्या दिवशीसाठी विचारतो. नायक खऱ्या भुवया काढू देणार नाही म्हणतोय, पुढच्या आठवड्यात ऑफिसात काय सांगू म्हणे. मग रंगमंचावर काय करायचं?

जुना_रंगपट

साबण. साधी अंगाच्या साबणाची वडी ओली करून भुवईवर घासायची, केस जुन्या टूथब्रशनं वरच्या दिशेला चापून बसवायचे आणि वाळू द्यायचे. वर पावडर, परत साबण, परत पावडर. भुवईचा फक्त खालचा अर्धा भाग असा झाक, वर बेस लाव, मग पेन्सिलीनं नवी कमान. पोरगा घामाघूम होणारा असेल तर मध्यंतराला विंगेत पावडरचा डबा घेऊन एक माणूस उभा कर. साबण घामानं सुटतो आणि डोळ्यात गेला तर मावशी खरोखरच रडायला लागेल.